दोन काड्या असताना फोन लागला नाही, एका काडीवर लागला. असं का झालं असेल?

लाटेवरचा

नमस्कार मंडळी. मी मासेमारीच्या बोटीवर खलाशी आहे. मागच्या फेरीत परतताना घडलेली गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न आहे.

आमचे तांडेल वयाने मोठे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडे बटनांचा साधा फोन आहे. खोल समुद्रात गेलो की ते तो बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळतात आणि नकाशांच्या फळीवर ठेवतात. परतीला लागल्यावर जीपीएसवर बंदर तीस मैलांच्या आत आलं की पिशवी उघडतात. या फेरीत दोन रात्री वारा बराच वाढला होता. वाऱ्याची बातमी किनाऱ्यावरही पोचलेली असणार, त्यामुळे काकूंच्या जिवाला घोर लागला असेल हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काका तसं काही बोलले नाहीत. फक्त नेहमीपेक्षा लवकर त्यांनी फोन चालू केला.

रात्रीचा एक वाजला होता. बोट सात नॉटने चालली होती, आकाश स्वच्छ, समुद्र शांत झालेला. बंदर 27 मैलांवर असताना पहिली काडी आली. सुकाणू माझ्या हातात देऊन काका केबिनच्या छतावर चढले आणि नंबर लावला. काही सेकंद नुसती शांतता, मग फोन आपोआप कट. परत लावला, परत तेच. 24 मैलांवर दोन काड्या झाल्या, त्याही न हलणाऱ्या. मला वाटलं आता लागेल. काका लावत राहिले. रिंग नाही, "संपर्क होऊ शकत नाही" असा आवाजही नाही. काही ऐकूच यायचं नाही, थोड्या वेळाने स्क्रीन मूळ जागी यायची.

20 मैल झाले, दोन काड्या तशाच. 17 मैलांच्या सुमारास टेकडीवरच्या टॉवरचा लाल दिवा दुर्बिणीतून दिसायला लागला. काका म्हणाले, "टॉवर डोळ्यांना दिसतोय, काड्या दिसतायत, आणि माझा आवाज काही जात नाही." बॅटरीही उतरत चालली होती. मी म्हटलं, काका, थोडा दम खा, जवळ गेल्यावर लावा. ते म्हणाले, "ती जागी आहे."

15 मैल झाले तेव्हा तो लाल दिवा किनाऱ्यालगतच्या कड्याआड गेला. त्याच मिनिटाला दोनातली एक काडी उडाली. माझ्या मनात आलं, झालं, होतं तेही गेलं. काकांनी तरी लावला, आणि या खेपेला रिंग गेली. पहिल्याच रिंगला काकूंनी उचलला.

"मी बोलतोय गं."

तिकडून काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. काका म्हणाले, "सगळे बरे आहेत. कुणाला काही नाही. पाचच्या आत लागतो." मग बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. मध्येच आवाज तुटत असावा, कारण दोनदा "हां, बोल" म्हणाले. खाली उतरले तेव्हा चेहरा वेगळाच होता. माझ्या हातातून सुकाणू घेतलं आणि मला झोपायला पाठवलं.

माझा प्रश्न असा. दोन काड्यांवर तासाहून जास्त वेळ फोन लागला नाही आणि एका काडीवर लगेच लागला. जितक्या काड्या तितका फोन चांगला, असंच आपण धरून चालतो ना? मग हे कसं? जवळ आलो म्हणून लागला म्हणावं, तर जवळ आल्यावर काडी कमी का झाली?

वेगवान

दादा, सोपं आहे. टॉवरची ताकद मोठी, फोनची छोटी. टॉवर ओरडतोय ते फोनला ऐकू येतं, फोन कुजबुजतोय ते टॉवरला ऐकू येत नाही. काड्या म्हणजे फक्त टॉवरचं ओरडणं. त्यामुळे फोनचा आवाज वाढवायला हवा. एक बूस्टर बसवा, अँटेना डोलकाठीवर न्या, तीस मैलांवरून बोलाल.

अँड्रॉइड स्मार्टफोन असेल तर बऱ्याच फोनवर `*#*#4636#*#*` दाबून खरा सिग्नल आकड्यात दिसतो. काड्यांवर विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी स्वतः ठरवते.

घाटवळण

मी ट्रक चालवतो. माझ्याकडे उलटं होतं. घाटात चढताना पूर्ण काड्या असतात आणि वळण घेतलं की एकदम शून्य. घरून फोन येतो तो नेमका वळणावर तुटतो, मग बायको घाबरते. यावर उपाय काय? सिम बदलून पाहिलं, फरक नाही. तुमच्या काकांचं वाचून तेच आठवलं.

बिनतारी

लाटेवरचा, गोष्ट मनापासून आवडली आणि तपशील इतके नीट दिलेत की उत्तर बहुतेक त्यातच आहे. मी बरीच वर्षं मोबाइल टॉवर कुठे उभे करायचे आणि त्यांची रचना कशी ठेवायची या कामात होतो. उत्तर देण्याआधी तीन गोष्टी विचारतो. लाल दिवा असलेली टेकडी किनाऱ्यापासून किती आत आहे? बंदरातच दुसरा एखादा टॉवर आहे का? आणि काका छतावर उभे असताना फोन पाण्यापासून किती उंच असेल?

वेगवान, काड्या ही एकाच बाजूची खबर आहे हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण या प्रसंगात फोनची ताकद कमी पडली असं मला वाटत नाही. बटनांचा टूजी फोन 900 च्या बँडवर 2 वॅटपर्यंत ताकद लावू शकतो. आजचा फोरजी फोन साधारण 0.2 वॅटवर थांबतो. काकांचा फोन त्या मानाने चांगला खणखणीत आहे.

लाटेवरचा

बिनतारी काका, टेकडी किनाऱ्यापासून आठ किलोमीटर आत आहे. टॉवर धरून समुद्रसपाटीपासून 160 मीटर उंच असेल, चार्टवर टेकडीची उंची दिलेली आहे. बंदरात धक्क्यामागे एक टॉवर आहे, 40 मीटरचा म्हणतात. किनाऱ्यालगतचा कडा 110 मीटरच्या आसपास. छतावर उभं राहून फोन कानाशी धरला की पाण्यापासून चारेक मीटर.

बिनतारी

मग चित्र स्पष्ट आहे. सावकाश सांगतो.

पहिला प्रश्न, कुठला टॉवर किती लांबून दिसणार. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे टॉवर क्षितिजाच्या वर यावा लागतो. रेडिओलहरी हवेत जराशा खाली वाकतात, म्हणून त्यांचं क्षितिज डोळ्यांच्या क्षितिजापेक्षा थोडं पुढे असतं. हिशोब सोपा आहे. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा आणि 4.12 ने गुणा, किलोमीटर मिळतात. टॉवरचे वेगळे, फोनचे वेगळे, मग दोन्हींची बेरीज. टेकडीच्या टॉवरचे 52 आणि काकांच्या फोनचे 8, मिळून 60 किलोमीटर. बंदरातल्या टॉवरचे 26 आणि फोनचे 8, मिळून 34 किलोमीटर.

आता तुमचे मैल लावू. 27 सागरी मैल म्हणजे 50 किलोमीटर, आणि टेकडी आठ किलोमीटर आत म्हणून तिथून ती 58 किलोमीटरवर. पहिली काडी नेमकी तिथे आली, म्हणजे ती टेकडीची होती. बंदराचा टॉवर तेव्हा क्षितिजाखालीच होता.

दुसरा प्रश्न, मग फोन का लागला नाही. इथे ताकदीपेक्षा वेळ आडवी येते. टूजीमध्ये एकाच वाहिनीवर आठ फोन आळीपाळीने बोलतात. प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहून थोडा जास्त वेळ येतो. लांबच्या फोनची लहर उशिरा पोचते आणि पुढच्याच्या पाळीत घुसते. तसं होऊ नये म्हणून टॉवर फोनला सांगतो, तू इतका आधी बोलायला लाग. हे "आधी" 0 ते 63 अशा पायऱ्यांत मोजलं जातं आणि एक पायरी साधारण 550 मीटरची. 63 पायऱ्या संपल्या की 35 किलोमीटर होतात. त्यापुढच्या फोनला किती आधी बोल हे सांगायची सोयच साध्या टूजी टॉवरकडे नाही. सिग्नल कितीही जोरदार असला तरी हेच.

काकांचा फोन 58 पासून अगदी 36 किलोमीटरपर्यंत त्या टेकडीच्याच टॉवरला चिकटून होता, कारण तोच सगळ्यांत जोरात ऐकू येत होता. फोन दार ठोठावायचा, ठोका उशिरा पोचायचा, आतून उत्तर यायचं नाही. रिंगही नाही आणि रेकॉर्ड केलेला आवाजही नाही, ही त्याचीच खूण. कॉल नेटवर्कच्या आत शिरला असता तर निदान कसला तरी सूर किंवा निरोप ऐकू आला असता.

आणि 15 मैलांवर काय झालं? बंदर 28 किलोमीटरवर आलं होतं, टेकडी 36 वर. जवळ जाताना अलीकडचा बुटका कडा नजरेत वाढत जातो आणि मागच्या उंच टेकडीला झाकतो. लाल दिवा गेला तो त्यामुळे. दिव्याबरोबर टेकडीचा सिग्नलही पडला आणि फोनने बंदरातला टॉवर धरला. तो बुटका, म्हणून एकच काडी. पण तो 28 किलोमीटरवर, म्हणजे मर्यादेच्या आत. ठोका वेळेत पोचला आणि काकूंचा फोन वाजला.

घाटवळण, तुमच्या वळणावर हाच डोंगर वैरी होतो. टॉवर आड गेला की दुसरा कुणी पकडायला नसतो, म्हणून तुटतं. काकांच्या नशिबाने आड जाणारा टॉवर चुकीचा होता. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे रस्ता आणि वळणं नीट सांगा, पाहू.

वेगवान

बिनतारी सर, हे माहीत नव्हतं. पण मग माझा उंचीचा मुद्दाही बाद का? डोलकाठीवर फोन नेला तर फायदा नाहीच?

बिनतारी

बाद नाही. उंचीने क्षितिज पुढे सरकतं. शिवाय समुद्रावर एक थेट लहर येते आणि एक पाण्यावरून उसळून येते. लांबवर या दोघी एकमेकींना जवळजवळ मारून टाकतात. फोन वर नेला की हा तोटा कमी होतो. उंची दुप्पट केली तर मिळणारी ताकद साधारण चौपट होते, म्हणून छतावर चढण्यात अर्थ आहे. बोट डोलताना काड्या वरखाली होतात त्यातही याचा हात असतो.

पण 35 किलोमीटरची भिंत उंचीने हलत नाही. बूस्टरनेही हलत नाही, कारण तो आवाज मोठा करतो, वेळ मागे नेत नाही. उलट आणखी लांबचा टॉवर जोरात ऐकू येऊ लागतो आणि फोन चुकीच्या दाराशी जास्त वेळ अडकतो. परवानगीशिवाय बूस्टर लावायला पुष्कळ देशांत बंदी आहे, आणि ती रास्त आहे. खराब बूस्टर टॉवरच्या कानात इतका गोंगाट भरतो की किनाऱ्यावरच्या सगळ्यांचे फोन अडखळतात.

आणि कृपा करून चालत्या बोटीत रात्री डोलकाठीवर कुणी चढू नका.

किनाऱ्यावरून

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझे यजमान बोटीवर असतात. वारा वाढल्याची बातमी आली की मी झोपत नाही, फोन उशाशी घेऊन बसते. ते घरी आले की म्हणतात, "तासभर लावत होतो, तू उचलला नाहीस." माझ्या फोनवर एकही मिस्ड कॉल नसतो. यावरून आमच्यात वादही झालेत. मला वाटायचं ते मला बरं वाटावं म्हणून तसं सांगतात. आज कळलं की ते खरंच लावत होते आणि माझ्यापर्यंत काही आलंच नव्हतं. बिनतारी दादा, हे माझ्यासाठी फार मोठं आहे.

आता माझा प्रश्न. मीही त्यांना सारखी लावत असते. कधी "बंद आहे" ऐकू येतं, कधी "क्षेत्राच्या बाहेर आहे". "बाहेर आहे" आलं की मी धरते, फोन चालू आहे, म्हणजे बोट ठीक आहे. हे बरोबर आहे का?

बिनतारी

ताई, त्या दोन निरोपांवरून बोटीबद्दल काहीच ठरवू नका. चांगलंही नाही आणि वाईटही नाही. फोन नीट बंद केला तर जाताजाता तो नेटवर्कला सांगून जातो, आणि नुसता टापूबाहेर गेला तर सांगू शकत नाही. फरक एवढाच. तोही टिकत नाही, कारण बराच वेळ फोनची हजेरी लागली नाही की नेटवर्क आपणहून त्याला गैरहजर धरतं. कुठला निरोप वाजवायचा हेही प्रत्येक नेटवर्कचं वेगळं असतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या कामाची आहे. त्यांच्या फोनवर काड्या असतात तेव्हाही तुमचा कॉल त्यांना लागेलच असं नाही. आधी त्यांच्या फोनने टॉवरकडे हजेरी लावायला हवी, आणि ती हजेरीही त्याच दारातून जाते. ठोका पोचत नाही तिथे हजेरीही पोचत नाही.

म्हणून दोघांनी आधीच ठरवून ठेवा की फक्त तेच लावतील. मी हे बंदरांवर खूप ऐकलं आहे. त्यांना मुश्किलीने रेंज मिळते आणि नेमकं त्याच क्षणी पत्नी त्यांचाच नंबर फिरवत असते, मग लाइन व्यस्त. बोट हलली की रेंज गेली. तुम्ही थांबलात तर त्यांची पहिली खेप वाया जात नाही.

किनाऱ्यावरून

हे आमच्यात नक्की घडलंय. आजच बोलते त्यांच्याशी. तसं थांबून राहणं कठीण आहे हो, हातात फोन असताना. पण थांबेन.

डेकवरून

मी मालवाहू जहाजावर आहे, मासेमारीचा अनुभव नाही. दोन गोष्टी भर घालतो.

एक, काड्या कधीकधी फारच लांबून येतात. गरम कोरडी हवा थंड पाण्यावर सरकली की पाण्यालगत हवेचा असा थर तयार होतो की रेडिओलहरी त्यातच अडकून क्षितिजापलीकडे वाहत जातात. एकदा किनाऱ्यापासून साठ मैलांवर माझ्या फोनवर भरपूर काड्या होत्या. शेजारच्या खलाशाच्या फोनवर तर नाव न ऐकलेलं नेटवर्क आलं. आम्ही सगळे डेकवर धावलो. एकाचाही फोन लागला नाही. संध्याकाळी हवा बदलली आणि काड्या गेल्या. बिनतारींनी सांगितलेली वेळेची भिंत वाचल्यावर आता उलगडा झाला.

दुसरं जास्त महत्त्वाचं. वाऱ्यात सापडलात, इंजिन बंद पडलं, पाणी आत येतंय, अशा वेळी फोनच्या काड्या पाहत बसू नका. व्हीएचएफवर चॅनेल 16, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ. तिथे क्षितिजाचा तोच हिशोब लागू होतो, पण समोर फक्त किनारा नसतो, आसपासच्या बोटीही ऐकत असतात. बोटीत पक्का बसवलेला रेडिओ साधारण 25 वॅटचा असतो. घरच्या गप्पांसाठी तो चॅनेल नाही हे सांगायला नको. आमच्याकडे लांबच्या बोटीने जवळच्या बोटीला दुसऱ्या चॅनेलवर निरोप द्यायचा आणि तिने किनाऱ्यावर सांगायचं, असं झालेलं पाहिलंय.

आता शंका. मी एकदा चाळीस मैलांवरून घरी पूर्ण बोललो आहे, आवाजही स्वच्छ होता. चाळीस सागरी मैल म्हणजे 74 किलोमीटर. 35 च्या हिशोबात हे कसं बसणार?

वेगवान

आसपासच्या दुसऱ्या जहाजावर सॅटेलाइट लावलेला छोटा टॉवर असेल. प्रवासी जहाजांवर असतो तसा.

डेकवरून

तसं असतं तर रोमिंगचं भलंमोठं बिल आलं असतं, आणि फोनवर नेटवर्कचं नावही वेगळं दिसलं असतं. नाव नेहमीचंच होतं आणि बिलही नेहमीचं.

बिनतारी

दोन शक्यता आहेत. काही किनारी टूजी टॉवर मुद्दाम लांब पल्ल्याचे ठेवतात. त्यात एका फोनला दोन पाळ्या जोडून देतात, म्हणजे उशिरा आलेली लहर दुसऱ्या पाळीत सामावते. पल्ला 35 च्या बराच पुढे जातो, पण टॉवर एका वेळी निम्मेच फोन सांभाळतो. म्हणून गर्दीच्या ठिकाणी असं कुणी करत नाही.

दुसरी शक्यता फोरजीची. तिथे भिंत कायमची नसते, ती टॉवरच्या मांडणीत निवडलेली असते. फोनने पहिला ठोका कुठल्या पद्धतीने द्यायचा याचे प्रकार असतात. सगळ्यांत साध्या प्रकारात पल्ला साडेचौदा किलोमीटर, सगळ्यांत लांबच्या प्रकारात 100 किलोमीटरपर्यंत. जमिनीकडे तोंड असलेल्या टॉवरवर बहुधा साधा प्रकार असतो, समुद्राकडे तोंड असलेल्यावर लांबचा ठेवता येतो. तुमचा तो कॉल यातल्या कुठल्या दाराने गेला हे तुमच्या पोस्टवरून मला सांगता येणार नाही. फोन कुठला होता, 2G लिहिलेलं दिसत होतं की 4G, आठवतं का?

डेकवरून

नाही आठवत. त्या वेळी तिकडे लक्षच नव्हतं. मुलीचा वाढदिवस होता.

लाटेवरचा

बिनतारी काका, फोरजीचं वाचून एक लक्षात आलं. माझ्याकडे स्मार्टफोन आहे. त्या रात्री काका बोलून खाली आले तरी माझा निरोप व्हॉट्सॲपवर घड्याळ दाखवत अडकलेलाच होता, आणि 4G असं स्पष्ट लिहिलेलं होतं. बंदर सात-आठ मैलांवर आल्यावर एकदम सगळे निरोप गेले.

बिनतारी

बघा, सात-आठ मैल म्हणजे 13 ते 15 किलोमीटर. तुमच्या बंदरातला फोरजी टॉवर साध्या प्रकारावर असावा असा दाट संशय येतो. खात्री नाही, फोनची ताकद कमी असल्यानेही असं होऊ शकतं. पुढच्या वेळी फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क "फक्त टूजी" करून पाहा. तुमच्या भागात टूजी चालू आहे हे काकांच्या फोनने दाखवलंच आहे. 15 मैलांच्या आत आल्यावर तुमचाही फोन लागला तर अडचण फोरजीच्या बाजूची होती एवढं तरी कळेल. काही देशांत टूजी बंद झालंय, तिथे हा मार्ग नाही.

काकांसाठी बॅटरीचं सांगतो. रेंज नसताना फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि त्यात बॅटरी जाते. 27 मैलांपासून लावत बसण्यात मिळत काही नाही. जीपीएसवर तो 15 मैलांचा बिंदू खूण करून ठेवा आणि त्याच्या मैलभर आधी फोन चालू करा. टेकडी अजून दिसत असताना फोन तिलाच धरून बसला तर बंद करून पुन्हा चालू करून बघा. कधी बंदराचा टॉवर सापडतो, कधी परत टेकडीच येते. टेकडी जास्त जोरात असेल तोवर फोन तिचाच होणार, त्याला माझ्याकडे खात्रीचा उपाय नाही.

आणि एसएमएस आधीच लिहून ठेवा. त्याला सलग मिनिटभर रेंज लागत नाही, काही सेकंदांची खिडकी पुरते. डोलणाऱ्या बोटीत आवाज तुटतो तिथेही तो निसटून जातो. भिंतीपलीकडून मात्र तोही जाणार नाही. आणि बटनांचे फोन फसलेला एसएमएस सहसा स्वतः परत पाठवत नाहीत, हाताने पाठवावा लागतो.

घाटवळण

एसएमएसचं माझ्याही कामाचं आहे. वळणाआधी पाठवून ठेवतो. धन्यवाद. वेगळा धागा काढतो.

किनाऱ्यावरून

लाटेवरचा भाऊ, एक सांगू? एसएमएसमध्ये फक्त "येतो" लिहू नका. किती वाजता लागणार आणि सगळे बरे आहेत, एवढं हवंच. "सगळे" हा शब्द हवाच, कारण शेजारची घरंही मलाच विचारायला येतात.

लाटेवरचा

ताई, काकांना तुमची पोस्ट वाचून दाखवली. त्यांनी माझ्याकडून फोनमध्ये एसएमएस लिहून घेतला. "सगळे बरे. इतक्या वाजता लागतो." वाजण्याची जागा मोकळी ठेवली आहे, तिथे ते स्वतः आकडा घालतील. काकूंनाही सांगून ठेवलंय की त्यांनी लावायचा नाही.

पंधरा मैलांच्या बिंदूला जीपीएसवर खूण केली. पण काकांनी एक अडचण काढली आहे. परतताना आम्ही नेहमी त्याच बाजूने येत नाही, कधी दक्षिणेकडून येतो. तिकडून कडा टेकडीच्या आड येतच नाही, टेकडी शेवटपर्यंत उघडी दिसते. मग त्या वाटेवर फोन टेकडी 35 किलोमीटरच्या आत आल्यावरच लागणार का? म्हणजे बंदरापासून चौदा-साडेचौदा मैलांवर?

बिनतारी

टेकडी बंदराच्या सरळ मागे असेल तर तुमचा हिशोब बरोबर आहे. दक्षिणेकडून येताना ती तिरकी पडेल, म्हणून बंदराचं अंतर बाजूला ठेवा आणि चार्टवर टेकडीपासूनच 35 किलोमीटरचं वर्तुळ काढा. त्या वाटेने ते वर्तुळ कुठे कापलं जातं ते इथे टाका. फोन नेमका तिथे लागला की नाही तेही कळवा, विशेषतः नाही लागला तर.